पायरीशेजारचे कारण : स्पर्शिका, जीवा आणि वर्तुळखंडातला कोन

एका वर्तुळाबाहेर P हा बिंदू आहे. तिथून वर्तुळाला दोन स्पर्शिका काढल्या आहेत आणि त्या वर्तुळाला A आणि B या बिंदूंत स्पर्श करतात. दोन स्पर्शिकांमधला कोन, म्हणजे ∠APB, ५०° आहे. A मधून PB ला समांतर अशी जीवा AC काढली आहे. AB आणि BC या जीवाही जोडल्या आहेत. D हा A आणि B यांच्यामधल्या लघुकंसावरचा एक बिंदू आहे. आता चार गोष्टी करायच्या आहेत. △ABC चे तिन्ही कोन काढायचे, AB = BC हे सिद्ध करायचे, ∠ADB काढायचा आणि AB² = PA × AC हे दाखवायचे. अट एकच : प्रत्येक पायरीशेजारी तिचे कारण लिहायचे.

दहावीच्या भूमितीत असे प्रश्न नेहमीचे असतात. पायरी डावीकडे, मग टिंबांची ओळ आणि उजवीकडे कंसात कारण, ही मांडणी महाराष्ट्रातल्या बहुतेक वह्यांत दिसते. कंसातला मजकूर गुणांसाठी लिहायचा असतो, अशी पुष्कळांची समजूत असते. पण हा उजवा रकाना नीट वाचला, तर डाव्या रकान्यात कुठेही न लिहिलेल्या गोष्टी त्यातून कळतात. कोणता निष्कर्ष कशावर उभा आहे, दिलेली कोणती माहिती प्रत्यक्षात वापरलीच गेली नाही आणि एखादी अट काढून घेतली तर काय कोसळेल, हे सगळे त्या रकान्यात असते. हे एकाच आकृतीवर पुरते पाहू.

आकृती

आकृती खरोखर काढून घ्या. ४ सेंमी त्रिज्येचे वर्तुळ काढा. केंद्र O. OA आणि OB या दोन त्रिज्या १३०° च्या कोनात काढा. A पाशी OA ला आणि B पाशी OB ला लंब काढा. ते दोन लंब जिथे मिळतील तो P. मग A मधून PB ला समांतर रेषा काढा. ती वर्तुळाला पुन्हा जिथे छेदेल तो C. शेवटी PB ही रेषा B च्या पलीकडे वाढवा आणि तिच्यावर Q हा बिंदू घ्या.

आकृती बरोबर आली असेल तर PA सुमारे ८.६ सेंमी, AB सुमारे ७.२५ सेंमी आणि AC सुमारे ६.१ सेंमी भरेल. एक गोष्ट मुद्दाम न्याहाळा. जीवा AB वर्तुळाचे दोन वर्तुळखंड करते. P ज्या बाजूला आहे त्या बाजूला लहान खंड आहे आणि D त्याच्या कंसावर आहे. C दुसऱ्या बाजूला, मोठ्या खंडाच्या कंसावर आहे. पुढच्या उत्तरातला सर्वांत नाजूक भाग नेमका या बाजूंवर अवलंबून आहे.

उत्तर, कारणांसह

१. PA = PB …… (बाह्यबिंदूपासून काढलेले स्पर्शिकाखंड एकरूप असतात)

२. ∠PAB = ∠PBA …… (पायरी १; समद्विभुज त्रिकोणाचे प्रमेय)

३. ∠PAB + ∠PBA = १८०° − ५०° = १३०° …… (त्रिकोणाच्या कोनांची बेरीज; ∠APB = ५०° दिले आहे)

४. ∠PAB = ∠PBA = ६५° …… (पायऱ्या २ आणि ३)

५. ∠ACB = ∠PBA = ६५° …… (स्पर्शिका PB, स्पर्शबिंदूतून निघालेली जीवा BA; ∠ACB विरुद्ध वर्तुळखंडातला कोन आहे)

६. ∠CAB = ∠PBA = ६५° …… (व्युत्क्रम कोन; AC ∥ PB दिले आहे, छेदिका AB)

७. ∠ACB = ∠CAB …… (पायऱ्या ५ आणि ६)

८. AB = BC …… (पायरी ७; समद्विभुज त्रिकोणाच्या प्रमेयाचा व्यत्यास)

९. ∠ABC = १८०° − ६५° − ६५° = ५०° …… (त्रिकोणाच्या कोनांची बेरीज)

१०. ∠ADB = १८०° − ६५° = ११५° …… (□ADBC चक्रीय; त्याचे संमुख कोन परस्परपूरक)

११. △PAB ~ △BAC …… (∠PAB = ∠BAC, ∠PBA = ∠BCA; कोको कसोटी)

१२. PA / BA = AB / AC, म्हणून AB² = PA × AC …… (समरूप त्रिकोणांच्या संगत भुजा)

पट्टीने मोजलेल्या लांबींवरून बारावी पायरी तपासता येते. ७.२५ चा वर्ग सुमारे ५२.६ येतो आणि ८.६ × ६.१ चा गुणाकार सुमारे ५२.५. मोजमापातल्या मिलिमीटरभर चुकीत हा फरक सहज सामावतो.

B पाशी आणखी एक ताळा आहे. स्पर्शिकेची दुसरी बाजू BQ आणि जीवा BC यांच्यातला कोन ∠QBC हा ∠BAC एवढा, म्हणजे ६५°. मग B पाशी सरळ रेषेवर तीन कोन लागून येतात : ६५°, ५०° आणि ६५°. बेरीज १८०°. एखादा कोन चुकीच्या खंडातून घेतला असता तर ही बेरीज जुळली नसती.

पाचवी पायरी कशावर उभी आहे?

बारा पायऱ्यांमध्ये खरे वजन पाचवीवर आहे. तिच्यातला नियम असा : स्पर्शबिंदूतून काढलेली जीवा स्पर्शिकेशी जो कोन करते, तो विरुद्ध वर्तुळखंडातल्या कोनाएवढा असतो. युक्लिडच्या ‘मूलतत्त्वे’ या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात हे बत्तिसावे विधान आहे. शालेय पुस्तकात ते स्पर्शिका-छेदिका कोनाचे प्रमेय म्हणून भेटते आणि तिथे ते आंतरखंडित कंसाच्या मापाच्या निम्मे, अशा शब्दांत येते. दोन्हींचा अर्थ एकच.

हे प्रमेय आपल्या आकृतीतच सिद्ध करू. ∠PBA ला x म्हणू. त्याचे माप ६५° आहे हे तूर्त विसरा. तो लघुकोन आहे एवढेच लक्षात ठेवा.

क. ∠OBP = ९०° …… (स्पर्शिका स्पर्शबिंदूतून काढलेल्या त्रिज्येला लंब असते)

ख. ∠OBA = ९०° − x …… (A हा ∠OBP च्या अंतर्भागात आहे)

ग. ∠OAB = ९०° − x …… (OA = OB, एकाच वर्तुळाच्या त्रिज्या; समद्विभुज त्रिकोण)

घ. ∠AOB = १८०° − २(९०° − x) = २x …… (त्रिकोणाच्या कोनांची बेरीज)

च. ∠ACB = x …… (अंतर्लिखित कोन त्याच कंसावरच्या केंद्रीय कोनाच्या निम्मा असतो)

पायरी ख चे कारण पुष्कळदा लिहायचे राहून जाते. दोन कोन वजा करता आले, कारण BA हा किरण BO आणि BP यांच्या मध्ये पडतो. हे x लघुकोन असेपर्यंतच खरे आहे. ∠QBA घेतला तर तो विशालकोन आहे. तिथे BO हाच किरण BA आणि BQ यांच्या मध्ये येतो आणि ही वजाबाकी लागू पडत नाही. त्या कोनासाठी विरुद्ध खंड म्हणजे लहान खंड, त्यातला कोन म्हणजे ∠ADB. ∠QBA = १८०° − x, कारण तो ∠PBA बरोबर रेषीय जोडी करतो. ∠ADB = १८०° − x, कारण चक्रीय चौकोनाचे संमुख कोन परस्परपूरक. म्हणून दोन्ही समान. तिसरी स्थिती काटकोनाची. जीवा व्यास असेल तर विरुद्ध कोन अर्धवर्तुळातला असतो आणि दोन्हीकडे ९०° येतात. पुस्तकात या प्रमेयाच्या तीन आकृत्या का असतात, याचे उत्तर पायरी ख च्या कंसात आहे.

आणखी एक मजला खाली

आता पायरी क घ्या. स्पर्शिका त्रिज्येला लंब असते, हे तरी कशावरून? इथे अप्रत्यक्ष सिद्धता लागते. समजा OB ही त्रिज्या B मधल्या स्पर्शिकेला लंब नाही. मग O पासून स्पर्शिकेवर OM हा लंब टाका. M हा B पेक्षा वेगळा बिंदू असेल. △OMB मध्ये M पाशी काटकोन आहे, म्हणून OB हा कर्ण आणि तो OM पेक्षा मोठा. म्हणजे OM त्रिज्येपेक्षा लहान, आणि M वर्तुळाच्या आत. वर्तुळाच्या आतल्या बिंदूतून जाणारी रेषा वर्तुळाला दोन बिंदूंत छेदते. पण स्पर्शिकेचा आणि वर्तुळाचा सामाईक बिंदू एकच असतो. विसंगती आली, म्हणून OB लंबच असली पाहिजे.

इथे एक चूक अशी होते की ती सहसा सापडत नाही. कोणी पायरी क ची सिद्धता पुढीलप्रमाणे लिहील : BE हा व्यास काढा. स्पर्शिका आणि BE यांच्यातला कोन विरुद्ध वर्तुळखंडातल्या कोनाएवढा. तो कोन अर्धवर्तुळातला, म्हणून ९०°. म्हणून त्रिज्या स्पर्शिकेला लंब. यातले प्रत्येक वाक्य खरे आहे. प्रत्येकाचे कारणही दिलेले आहे. तरीही ही सिद्धता नव्हे. विरुद्ध वर्तुळखंडाचे प्रमेय आपण सिद्ध केले तेच मुळी त्रिज्या लंब असते या आधारावर. पहिल्याला दुसऱ्याचा टेकू आणि दुसऱ्याला पहिल्याचा. न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. डावा रकाना कितीही वेळा वाचला तरी हा दोष दिसणार नाही. उजव्या रकान्यातल्या प्रत्येक कारणाला ‘आणि हे कशावरून?’ असे विचारत खाली उतरत गेलो, तरच तो पकडता येतो. नीट उतरलो तर तळाशी फार थोड्या गोष्टी उरतात : सगळ्या त्रिज्या समान, समद्विभुज त्रिकोणाचे पायाजवळचे कोन समान, त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८०° आणि काटकोन त्रिकोणात कर्ण सर्वांत मोठा.

कारणे चुकतात ती कुठे?

सर्वांत नेहमीची चूक D पाशी होते. ∠ACB आणि ∠ADB दोन्ही AB या जीवेवर उभे आहेत, म्हणून दोन्ही ६५°, असे लिहिले जाते आणि कारण दिले जाते ‘एकाच जीवेवरचे कोन’. असे प्रमेय नाही. प्रमेय एकाच वर्तुळखंडातल्या कोनांविषयी आहे, म्हणजे शिरोबिंदू जीवेच्या एकाच बाजूला असले पाहिजेत. C आणि D परस्परविरुद्ध बाजूंना आहेत. त्यामुळे कोन समान नाहीत. ते परस्परपूरक आहेत, ६५° आणि ११५°. चूक ओळखण्याची सोपी खूण अशी : D लघुकंसावर आहे. अर्धवर्तुळापेक्षा लहान कंसावरच्या बिंदूपाशी होणारा कोन विशालकोनच असतो. तिथे ६५° आले तर कुठेतरी बाजू चुकली आहे. कारण लिहिताना ‘एकाच वर्तुळखंडातले’ हे शब्द पुरते लिहिण्याची सवय असेल, तर लिहितानाच हात थबकतो.

दुसरी चूक प्रमेय आणि व्यत्यास यांची गल्लत. पायरी २ आणि पायरी ८ या दोन्हींशेजारी बरेच जण ‘समद्विभुज त्रिकोणाचे प्रमेय’ एवढेच लिहितात. पण दुसऱ्या पायरीत भुजांवरून कोनांकडे गेलो आणि आठवीत कोनांवरून भुजांकडे. ही दोन वेगळी विधाने आहेत. इथे दोन्ही खरी असल्यामुळे उत्तर बिघडत नाही, पण असे विधान आणि व्यत्यास नेहमी एकत्र खरे असतातच असे नाही. प्रत्येक चौरसाचे कर्ण एकमेकांना लंब असतात. कर्ण लंब असलेला प्रत्येक चौकोन मात्र चौरस नसतो. पतंग आकाराचा चौकोन आठवा.

तिसरी चूक म्हणजे कारणाच्या जागी ‘आकृतीवरून’ लिहिणे. आकृतीवरून घेता येतात त्या गोष्टी बाजूंच्या : कोणता बिंदू जीवेच्या कोणत्या बाजूला आहे, कोणता किरण कोणत्या दोघांच्या मध्ये आहे. काटेकोर सिद्धतेत त्याही सिद्ध करता येतात, पण शालेय पातळीवर त्या मान्य असतात. मापे मात्र आकृतीवरून घेता येत नाहीत. कोनमापक ६५° दाखवत असेल तर तो ६४.५° ही असू शकतो. शिवाय ते माप त्या एका आकृतीपुरतेच खरे असते.

रकाना उभा वाचला तर

आता बारा पायऱ्यांचा उजवा रकाना वरपासून खालपर्यंत वाचा. आठवी पायरी सातवीवर उभी आहे आणि सातवी पाचवी-सहावीवर. पाचवीचे कारण B मधली स्पर्शिका. सहावीचे कारण AC ची समांतरता. या साखळीत पहिल्या चार पायऱ्या कुठे आहेत? ६५° हा आकडा तिथून आला, एवढेच. ∠ACB आणि ∠CAB दोन्ही ∠PBA एवढे आहेत म्हणून समान आहेत. ∠PBA किती अंशांचा आहे याच्याशी त्या समानतेला काही देणेघेणे नाही.

म्हणजे AB = BC या निष्कर्षाला ५०° लागले नाहीत. A मधली स्पर्शिकाही लागली नाही. P हा स्पर्शिकांचा छेदनबिंदू असण्याचीही गरज नव्हती. तो B मधल्या स्पर्शिकेवर, C च्या विरुद्ध बाजूला असला की पुरे. खरे प्रमेय प्रश्नापेक्षा मोठे निघाले : कोणतीही जीवा एखाद्या स्पर्शिकेला समांतर असेल, तर स्पर्शबिंदू जीवेच्या दोन्ही टोकांपासून समान अंतरावर असतो. प्रश्नात दिलेल्या माहितीच्या गर्दीत ते झाकले गेले होते. कारणांनी ते मोकळे केले.

तसेच ∠ABC आणि ∠APB दोन्ही ५०° आले, हा योगायोग नाही. △PAB आणि △BAC या दोघांच्या पायाजवळचे कोन ∠PBA एवढेच आहेत, म्हणून शिरोकोनही समान. ५०° च्या जागी ६०° घेतले तर △ABC समभुज होतो. ९०° घेतले तर ∠ABC काटकोन होतो आणि AC व्यास होते. A मधून PB ला समांतर काढलेली रेषा केंद्रातून जाते, हे तेव्हा आकृतीतही दिसते, कारण OAPB हा त्या स्थितीत चौरस असतो.

उलट, प्रश्नातली समांतरतेची अट काढून घ्या आणि C मोठ्या कंसावर कुठेही ठेवा. ज्या पायऱ्यांच्या कारणात ती अट आहे किंवा अशा पायरीचा आधार आहे, त्या गळतात : ६ ते ९, ११ आणि १२. पहिल्या पाच आणि दहावी मात्र जशाच्या तशा उभ्या राहतात. C कंसावर कितीही सरकवला तरी ∠ACB ६५° च राहतो आणि ∠ADB ११५°. एका वर्तुळखंडातले कोन समान असतात, ते इथे असे प्रत्यक्ष दिसते.

उलट वाटेने

एक प्रश्न उरतो आणि तो या आकृतीचा स्वाभाविक शेवट आहे. B मध्ये स्पर्शिका आहे आणि AB = BC आहे, एवढेच दिले तर AC स्पर्शिकेला समांतर असते का? P हा स्पर्शिकेवरचा बिंदू घ्या, AB च्या ज्या बाजूला C आहे तिच्या विरुद्ध बाजूला.

१. ∠BAC = ∠BCA …… (AB = BC दिले आहे; समद्विभुज त्रिकोणाचे प्रमेय)

२. ∠PBA = ∠BCA …… (स्पर्शिका BP, जीवा BA; विरुद्ध वर्तुळखंडातला कोन)

३. ∠PBA = ∠BAC …… (पायऱ्या १ आणि २)

४. AC ∥ PB …… (पायरी ३, व्युत्क्रम कोनांची कसोटी)

समांतर असते. आधीच्या उत्तराशी हे ताडून पाहा. समद्विभुज त्रिकोणाच्या प्रमेयाचा व्यत्यास जिथे होता तिथे आता मूळ प्रमेय आले. समांतर रेषांचा गुणधर्म जिथे होता तिथे आता समांतरतेची कसोटी, म्हणजे त्याचा व्यत्यास आला. स्पर्शिका आणि जीवेच्या कोनाचे प्रमेय मात्र दोन्ही वाटांवर त्याच रूपात उभे आहे. स्पर्शिका दोन्हीकडे दिलेली आहे, सिद्ध करायची नाही, म्हणून त्याच्या व्यत्यासाची गरज पडली नाही. ‘B मधून काढलेली ही रेषा स्पर्शिकाच आहे’ असे दाखवायचे असते, तर तोही लागला असता.